मुलाखतीआधीचे दोन आठवडे: जाहिरातीतली ओळ, तिचा पुरावा आणि तो तोंडी सांगण्याचा सराव

कारखान्यातल्या साठ्याचं नियोजन करणाऱ्या इन्व्हेंटरी प्लॅनरच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं आणि तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. हातातली नोकरी चालूच होती. रोज संध्याकाळी तास-दीड तास आणि सुट्टीचे दिवस, एवढाच वेळ तयारीला देता येणार होता. म्हणून सगळ्यात आधी काय करायचं नाही ते ठरवलं. मुलाखतीत हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या लांबलचक याद्या बाजूला ठेवल्या आणि एकच काम धरलं. जाहिरातीतल्या प्रत्येक वजनदार ओळीसमोर माझ्या कामातला एक पुरावा उभा करायचा. तो पुरावा कागद न बघता दोन मिनिटांत सांगता यायला हवा, त्यावरच्या उलटतपासणीत टिकायला हवा, आणि मी दिलेली कागदपत्रं त्याच्याशी जुळायला हवीत.

पहिला आठवडा कंपनीची माहिती आणि पुरावे जमवायला, दुसरा सरावाला अशी ढोबळ वाटणी केली. कागदपत्रं मात्र पहिल्याच दिवशी हातात घेतली, कारण तयारीत तेवढाच भाग दुसऱ्यांच्या हातात असतो. जुन्या कंपनीकडून पत्राची प्रत मागवायची तर आठवडा सहज जातो. तो आठवडा शेवटी आला तर आपण काहीही करू शकत नाही.

पहिल्याच दिवशी आणखी एक काम केलं. एचआरला छोटा मेल पाठवला: ‘मुलाखतीच्या वेळेबद्दल धन्यवाद. तयारीच्या दृष्टीने तीन गोष्टी कळल्या तर मदत होईल. किती फेऱ्या असतील आणि साधारण किती वेळाच्या? पॅनेलमध्ये कोणत्या विभागांचे लोक असतील? एक्सेलची किंवा लेखी चाचणी आहे का?’ असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. मला दुसऱ्या दिवशी सरळ उत्तर आलं. पहिली फेरी पाऊण तासाची, पॅनेलमध्ये नियोजन विभागाचे प्रमुख, खरेदी विभागातले एक जण आणि एचआर. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, लेखी चाचणी नाही.

त्यातलं ‘सगळ्यांना तेच प्रश्न’ माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं होतं. अशा ठरीव मुलाखतीत प्रश्न आधीच लिहिलेले असतात आणि प्रत्येक उत्तराला गुण दिले जातात. निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांचा पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरहिशेब मांडला. माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज बांधण्यात त्यांनी तपासलेल्या पद्धतींपैकी ठरीव मुलाखतच सगळ्यात वर आली. उमेदवाराच्या बाजूने याचा अर्थ साधा आहे. समोरच्या माणसाला आपलं उत्तर ऐकून काहीतरी लिहायचं असतं आणि त्याला आकडा द्यायचा असतो. ‘मी मेहनती आहे, टीमबरोबर चांगलं काम करते’ यातून त्याच्या हाती लिहिण्यासारखं काहीच लागत नाही.

मग जाहिरात. ती छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसले. बऱ्याच ओळी कुठल्याही जागेसाठी चालतील अशा होत्या: उत्तम संवादकौशल्य, दबावाखाली काम करण्याची तयारी. त्यांच्यावर रेघ मारली. उरल्या त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत होत्या. स्टॉकच्या नोंदी अचूक ठेवणं, कच्च्या मालाचा साठा आटोक्यात आणणं, आणि खरेदी व उत्पादन या दोन विभागांमध्ये दुवा म्हणून काम करणं. एकच मुद्दा जाहिरातीत दोनदा येतो तेव्हा बहुधा तिथे कुणाला तरी खरोखर त्रास होत असतो. आता तो त्रास नेमका काय आहे ते शोधायचं होतं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, त्यामुळे तिचा वार्षिक अहवाल तिच्याच संकेतस्थळावर मिळाला. अध्यक्षांचं निवेदन आणि फोटो सोडून थेट शेवटाकडे, हिशेबांच्या टिपांपर्यंत गेले. साठ्याच्या टिपेत कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि तयार माल असे तीन आकडे वेगळे दिलेले असतात, शेजारी आदल्या वर्षाचे. मी जो हिशेब केला तो कुणालाही करता येईल, म्हणून इथे पूर्णांकांत मांडते. आदल्या वर्षी एकूण साठा ६० होता, या वर्षी ९०. विकलेल्या मालाचा वर्षभराचा खर्च आदल्या वर्षी ४००, या वर्षी ४५०. साठ्याला त्या खर्चाने भागून ३६५ ने गुणलं की साठा किती दिवस पुरेल ते कळतं. आदल्या वर्षी साधारण ५५ दिवस, या वर्षी ७३. म्हणजे धंदा थोडा वाढला आणि साठा त्याच्या कितीतरी पुढे गेला.

पण खरी माहिती त्या तीन आकड्यांत होती. तयार माल २० वरून २२ झाला होता, अर्धवट तयार माल १५ वरून १८. कच्चा माल मात्र २५ वरून ५०, सरळ दुप्पट. तयार माल तुंबला असता तर विक्री मंदावली असं म्हणता आलं असतं. इथे माल कारखान्याच्या दारातच साचत होता. जाहिरातीतली कच्च्या मालाची ओळ कुठून आली ते मला तिथे उमगलं.

एवढ्यावर निष्कर्ष काढायचा नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. ताळेबंद एका दिवसाचं चित्र दाखवतो. भाववाढीच्या आधी मुद्दाम जास्त खरेदी केलेली असू शकते. पुरवठादाराचा लीड टाइम, म्हणजे मागणीपासून माल हाती येईपर्यंतचा वेळ, वाढला असेल, किंवा एका वेळी किमान इतका माल घ्यावाच लागेल अशी अट आली असेल. आणखी एक शक्यता माझ्या रोजच्या कामातली होती. स्टॉकच्या नोंदीवर विश्वास नसला की खरेदीवाले आणि प्लॅनर दोघेही थोडं थोडं जास्त मागवतात. सिस्टिम ३०० नग दाखवते, पण प्रत्यक्षात २०० निघाले तर लाइन बंद पडेल, या भीतीने मागवलेला तो जास्तीचा माल असतो. तसं असेल तर अचूक नोंदी आणि कमी साठा या जाहिरातीतल्या दोन वेगळ्या अपेक्षा एकाच दुखण्याच्या दोन बाजू ठरतात. हे मी मुलाखतीत विधान म्हणून मांडणार नव्हते, प्रश्न म्हणून विचारणार होते. बाहेरच्या माणसाने अहवाल वाचून ‘तुमच्याकडे असं चुकतंय’ म्हणणं आतल्या माणसाला बोचतं, आणि ते खोटंही ठरू शकतं. ‘अहवालात कच्च्या मालाचा साठा वाढलेला दिसला, तो ठरवून वाढवलेला होता का?’ असं विचारलं की तोच अभ्यास बोलका होतो.

कंपनीच्या माहितीवर यापेक्षा जास्त वेळ घालवला नाही. पॅनेलमधल्या दोघांची व्यावसायिक ओळख पाहिली, ते आधी कुठल्या प्रकारच्या उद्योगात होते एवढंच टिपलं. उत्पादनांची नावं आणि साधारण प्रक्रिया समजून घेतली. स्थापनेचं वर्ष, पुरस्कार, ध्येयवाक्यं पाठ केली नाहीत.

पहिल्या आठवड्याचा उरलेला वेळ पुरावे लिहिण्यात गेला. एका कागदावर डावीकडे जाहिरातीतली ओळ, उजवीकडे माझ्या कामातला प्रसंग. प्रसंग मोजकेच निवडले, कारण एकच चांगला प्रसंग तीन-चार प्रश्नांना पुरतो. लिहिण्यासाठी सर्वपरिचित चार रकान्यांचा आराखडा घेतला: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय सोपवलं होतं, मी काय केलं, निष्पन्न काय झालं. त्यात एक पाचवा रकाना मी माझ्याकडून जोडला, ‘याची किंमत काय मोजावी लागली?’ कारण प्रत्येक सुधारणेत कुठेतरी कुणाचं तरी काम वाढतं. अनुभवी माणूस नेमकं तेच विचारतो.

त्यातला मुख्य प्रसंग सविस्तर सांगते. आमच्या स्टोअरमध्ये नोंदीची अचूकता ८३ टक्के होती. दर महिन्याला स्टोअरमधल्या माल ठेवण्याच्या २०० जागा निवडून मोजणी व्हायची आणि त्यातल्या १६६ जागांवरच सिस्टिमचा आकडा आणि प्रत्यक्ष नग जुळायचे. सगळ्यांचं म्हणणं होतं की मोजणाऱ्यांचं लक्ष नसतं. मी तफावतींची यादी आकड्यांच्या क्रमाने लावून पाहिली आणि एक गोष्ट दिसली. एका कोडवर ४० नग कमी, तर दुसऱ्या कोडवर बरोबर ४० जास्त. अशा जोड्या यादीभर होत्या. मोजणीतला निष्काळजीपणा असा जोडीजोडीने येत नाही. शोध घेतला तेव्हा कळलं की मूळ पार्ट संपला की लाइनवर पर्यायी पार्ट दिला जायचा, पण स्लिपवर छापलेला कोड मूळ पार्टचाच असल्याने नोंदही त्याचीच व्हायची. एका देण्यात दोन कोड बिघडायचे. मी स्लिपवर ‘प्रत्यक्ष दिलेला कोड’ असा रकाना घालून घेतला, आणि नोंद शिफ्टच्या शेवटी एकदम करण्याऐवजी माल देतानाच काउंटरवर करायची असं ठरवलं. पाच महिन्यांनी २०० पैकी १९२ जागा जुळल्या, म्हणजे ९६ टक्के. आणि मोजावी लागलेली किंमत? पहिल्या काही आठवड्यांत शिफ्ट सुरू होताना काउंटरवर रांग लागायला लागली आणि उत्पादनाच्या सुपरवायझरची नाराजी माझ्यावर आली. मग सकाळच्या पहिल्या दोन ऑर्डरींचा माल आदल्या संध्याकाळीच काढून, नोंदवून ट्रॉलीत तयार ठेवायला सुरुवात केली, तेव्हा रांग कमी झाली.

कागदावर हे छान दिसत होतं. बोलताना काय होतं ते पाहायला पहिला सराव एकटीनेच केला. फोनवर रेकॉर्डिंग लावलं, स्वतःला प्रश्न विचारला आणि कागद उलटा ठेवून उत्तर दिलं. मग घड्याळ घेऊन ऐकलं. उत्तर चार मिनिटांच्या जवळ गेलं होतं, आणि त्यातली पहिली पावणेदोन मिनिटं स्टोअरची रचना समजावण्यात गेली होती. किती रॅक, किती शिफ्ट, आधी कोणती सिस्टिम होती. ऐकणाऱ्याला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. त्याला त्या ४०-४० च्या जोडीपर्यंत लवकर पोहोचवायला हवं. मी परिस्थिती दोन वाक्यांत बसवली: ‘स्टोअरची अचूकता ८३ टक्के होती आणि दोष मोजणाऱ्यांना दिला जात होता. खरं कारण शोधून ती वाढवण्याचं काम माझ्याकडे आलं.’ तिथून थेट यादीवर. उत्तर दोन मिनिटांच्या आसपास आलं. दोन मिनिटांत साधारण अडीचशे शब्द बसतात. हा अंदाज लिहितानाच ठेवला की नंतर कापाकापी कमी करावी लागते.

रेकॉर्डिंगचा उपयोग लांबी आणि अडखळणं तपासण्यापुरताच. उत्तर पटतं का ते दुसरा माणूसच सांगू शकतो. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला माझ्या एका जुन्या वरिष्ठांना वेळ मागितला. ते आता निवृत्त आहेत आणि त्यांनी स्वतः पुष्कळ मुलाखती घेतल्या आहेत. त्यांना जाहिरात दिली, माझा कागद दिला नाही. विनंती एवढीच केली की उत्तर चांगलं की वाईट ते शेवटी सांगा, मध्ये फक्त प्रश्न विचारा.

स्टोअरचा प्रसंग ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “या २०० जागा निवडायचं कोण?”

“सिस्टिम यादृच्छिक निवडायची.”

“आधीही आणि नंतरही?”

“हो, दोन्ही वेळेला तशीच.”

“मग हे तुम्ही आपणहून सांगा. निवड बदलली असेल तर ८३ आणि ९६ ची तुलनाच होत नाही. मला पहिली शंका तीच आली. बरं, जुळलं कधी म्हणायचं? एक नग इकडेतिकडे चालत होता का?”

महागड्या पार्टना अजिबात फरक चालत नव्हता, नट-बोल्टसारख्या वजनावर मोजायच्या मालाला २ टक्क्यांपर्यंत चालत होता. हे मला माहीत होतं, पण कागदावर नव्हतं. पुढचा प्रश्न, “मोजणाऱ्याला सिस्टिमचा आकडा आधी दिसायचा का?” हा फार नेमका होता. आकडा समोर असला की मोजणारा नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. आमची मोजणी आकडा झाकूनच व्हायची. आणि शेवटी, “उरलेल्या ८ जागा कुठल्या?” त्या बहुतेक वजनावर मोजायच्या सुट्या मालाच्या होत्या, कारण डब्याचं वजन वजा करण्याची पद्धत एकसारखी नव्हती.

त्या संध्याकाळी घरी येऊन प्रत्येक प्रसंगासाठी हेच केलं. माझ्या आकड्याखाली चार प्रश्न लिहिले: कसा मोजला, कुणी मोजला, तुलना सारख्याची सारख्याशी आहे का, आणि उरलं काय. एका प्रसंगातल्या ‘तातडीच्या ऑर्डरी बऱ्याच कमी झाल्या’ या वाक्याला मला या चारांपैकी एकाचंही पक्कं उत्तर देता येईना. त्या ऑर्डरी कमी झाल्या होत्या हे खरं, पण त्याच काळात एक पुरवठादारही बदलला होता. किती श्रेय कुणाचं ते वेगळं काढता येत नव्हतं. मी ते वाक्य काढलं नाही, ‘त्याच काळात पुरवठादारही बदलला, त्यामुळे हे सगळं माझ्या कामामुळे झालं असं म्हणता येणार नाही’ ही पुस्ती जोडली. माझं मत असं की पॅनेलमधल्या जाणकाराला अशा एका वाक्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवणं सोपं जातं.

सरावाच्या दिवसांत उत्तरं पुन्हा पुन्हा वाचायची नाहीत, असा नियम ठेवला होता. कागद उलटा ठेवायचा, प्रश्न काढायचा, बोलायचं आणि मगच कागद बघून काय सुटलं ते पाहायचं. याला आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आदल्या रात्री कागद वाचून ‘सगळं येतंय’ असं वाटतं ते त्या पाच मिनिटांमधलं वाटणं असतं. मध्ये एक-दोन दिवस जाऊ देऊन पुन्हा बोलून पाहिलं तेव्हा माझे सुटणारे मुद्दे दर वेळी तेच निघाले, आणि मग तेवढ्यांवरच काम केलं.

पाठांतर मात्र टाळलं. प्रत्येक प्रसंगाचे फक्त चार-पाच टप्पे लक्षात ठेवले: ८३, जोडी, स्लिप, रांग, ९६. वाक्यं दर वेळी वेगळी आली तरी चालतील. पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं, कारण मध्येच प्रश्न आला की माणूस परत पहिल्या वाक्यावर जातो.

शेवटचा सराव दोघांसमोर एकत्र केला. वरिष्ठ पुन्हा आले, आणि शेजारी माझी मैत्रीण. तिचा कारखान्यांशी काहीच संबंध नाही. एचआरच्या माणसाला नियोजनातलं सगळं कळेलच असं नाही, म्हणून तिला मुद्दाम बोलावलं होतं. मध्येच ती म्हणाली, “अगं थांब, सायकल काउंट म्हणजे काय?” सगळं स्टोअर एकाच वेळी बंद करून मोजण्याऐवजी थोड्या थोड्या जागा आळीपाळीने मोजत राहणं, हे एका वाक्यात सांगायचं मी त्या दिवशी ठरवलं. कठीण प्रश्नही याच फेरीसाठी राखून ठेवले होते. सध्याची नोकरी का सोडताय? मधले तीन महिने रिकामे का? पगाराची अपेक्षा काय? नोकरी सोडण्याच्या प्रश्नावर माझं उत्तर घसरत घसरत सध्याच्या व्यवस्थापनाबद्दलच्या तक्रारीकडे जात होतं, ते मैत्रिणीने पकडलं. मी ते पुढच्या कामाशी बांधलं: आता एका स्टोअरची नोंद बघते, इथे खरेदीच्या निर्णयापर्यंत काम जातं. तीन महिन्यांचं कारण घरातलं आजारपण होतं. ते एका वाक्यात सांगून थांबायचं, कुणी विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरलं. पगारासाठी एक पट्टा ठरवला आणि त्याची खालची बाजू मला खरोखर मान्य असलेलीच ठेवली, कारण बोलणी बहुधा तिथूनच सुरू होतात.

आता कागदपत्रांकडे येते. लोक याला फाइल लावणं समजतात, पण खरं काम जुळवणीचं आहे. निवड झाली की बहुतेक मोठ्या कंपन्या जुन्या नोकऱ्यांची पडताळणी करतात आणि त्यात मुख्यतः दोन गोष्टी ताडून पाहतात, तारखा आणि पदनाम. म्हणून मी एक तक्ता केला. उभे रकाने: रेझ्युमे, अर्जाचा फॉर्म, नियुक्तिपत्र, अनुभवपत्र, कार्यमुक्तीचं पत्र, शेवटची पगारपत्रकं. आडव्या ओळींत प्रत्येक नोकरी: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पदनाम, नाव जसं छापलंय तसं.

तक्ता भरताच तफावती समोर आल्या. रेझ्युमेवर ‘इन्व्हेंटरी प्लॅनर’ लिहिलं होतं, कारण सगळे मला त्याच नावाने ओळखत आणि काम तेच होतं. पत्रावर मात्र ‘नियोजन सहायक, श्रेणी २’. पडताळणी करणारा तिसराच माणूस असतो, त्याच्यापुढे फक्त पत्र असतं आणि तो ‘जुळत नाही’ अशी खूण करून मोकळा होतो. मी रेझ्युमेवर पत्रातलं पदनाम जसंच्या तसं लिहिलं आणि त्याखालच्या ओळीत प्रत्यक्ष काम इन्व्हेंटरी नियोजनाचं असल्याचं लिहिलं. दुसरी तफावत तारखेची. एका नोकरीचा शेवटचा कामाचा दिवस आणि पत्रावरची कार्यमुक्तीची तारीख यांत शिल्लक रजेमुळे फरक होता. पत्रावरची तारीख घेतली. एचआरला आधीच पाठवलेला रेझ्युमे यामुळे बदलत होता, तेव्हा काय बदललं आणि का ते दोन ओळींत लिहून सुधारित प्रत मुलाखतीआधीच पाठवली. तिसरी गोष्ट नावाची. एका प्रमाणपत्रावर माझं पूर्ण नाव, दुसऱ्यावर मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर. ते बदलून मिळायला महिने लागतात, म्हणून ओळखपत्राची प्रत सोबत लावली आणि फॉर्मवर ओळखपत्रावरचंच नाव लिहिलं.

एका जुन्या कंपनीकडून अनुभवपत्राची प्रत मागवली होती. पहिल्या मेलला उत्तर आलं नाही. दुसरा मेल रुजू आणि सोडल्याच्या तारखा, कर्मचारी क्रमांक आणि जुन्या पत्राचा मिळाला तेवढा अस्पष्ट फोटो जोडून पाठवला, तेव्हा प्रत आली. मागणाऱ्याने शोधाचं काम कमी करून दिलं की समोरचा लवकर हलतो. संदर्भ म्हणून ज्यांची नावं देणार होते त्यांना आधी विचारलं, जाहिरात पाठवली आणि मी कोणता प्रसंग सांगणार आहे तेही कळवलं. त्यांनी माझं कौतुक करावं म्हणून नव्हे. त्यांना फोन आलाच तर काम नेमकं कोणतं ते आठवावं म्हणून.

सोबत नमुना काय न्यायचा यावर थोडा विचार केला. सध्याच्या कंपनीची खरी शीट, पुरवठादारांची नावं, दर यांतलं काहीच न्यायचं नाही हे उघड होतं. जो माणूस जुन्या मालकाचे कागद नव्या मालकापुढे पसरतो तो उद्या आपलेही पसरेल, हे पॅनेलला लगेच सुचतं. मी बनावट कोड आणि बनावट आकडे घालून तफावतींच्या जोड्या कशा दिसतात याचा एका पानाचा तक्ता स्वतः तयार केला आणि वरच तसं लिहिलं. उरलेलं सगळं एकाच पीडीएफमध्ये क्रमाने लावलं आणि फाइलच्या नावात माझं नाव व पदाचं नाव टाकलं. मूळ प्रती वेगळ्या पाकिटात.

शेवटच्या दोन दिवसांत नवीन काही वाचलं नाही. प्रसंगांचे टप्पे आणि विचारायचे प्रश्न एका पानावर उतरवले आणि ते एकदाच न बघता म्हणून पाहिले.

प्रत्यक्ष फेरीत नियोजन प्रमुखांनी स्टोअरच्या प्रसंगावर विचारलेला पहिला प्रश्न होता, “ही अचूकता नगांवर मोजली की किमतीवर?” हा प्रश्न सरावात आला नव्हता. पण आमची मोजणी जागांवर होती, नगांवरही नाही आणि किमतीवरही नाही, हे मला नेमकं माहीत होतं. ते सांगितलं, आणि किमतीवर मोजली असती तर आकडा वेगळा आला असता हेही सांगितलं. खरेदी विभागातल्या बाईंनी रांगेबद्दल विचारलं आणि ट्रॉलीची गोष्ट कागदावर लिहून घेतली. बनावट आकड्यांचा तक्ता मी दाखवला, तो त्यांनी हातात घेऊन पाहिला. शेवटी मी कच्च्या मालाच्या साठ्याबद्दल विचारलं. थोडा भाग ठरवून घेतलेला होता, थोडा नव्हता, आणि त्या ‘नव्हता’वरच पुढची दहा मिनिटं बोलणं झालं. फेरी पाऊण तासाच्या बरीच पुढे गेली.

बाहेर पडल्यावर लगेच, फोन हातात घेण्याआधी, विचारलेले सगळे प्रश्न आठवून लिहून काढले आणि कुठल्या उत्तरावर जास्त खोदलं गेलं तिथे खूण केली. दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं तेव्हा तयारीला चारच दिवस होते, पण कशाची करायची ते त्या पानावर लिहिलेलं होतं. पहिल्या दिवशी किमतीवर अचूकता कशी काढतात ते बनावट आकड्यांवर करून पाहिलं: प्रत्येक तफावतीची किंमत, अधिक-उणे न बघता बेरीज, तिला मोजलेल्या एकूण साठ्याच्या किमतीने भागणं, आणि येणारे टक्के १०० मधून वजा करणं. अधिक-उणे तसंच ठेवलं तर त्या ४०-४० च्या जोड्या एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. दुसऱ्या फेरीत पहिला प्रश्न तिथूनच निघाला.